कार्डावरची क्रियापदं

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

मिरजेच्या स्टँडवर पडलेल्या आजींच्या गोष्टीचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग काल दोनदा ऐकलं. पहिल्यांदा नुसतं ऐकलं, दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो आणि तू जे बोललीस ते शब्दन् शब्द उतरवून काढलं. एक मिनिट ५२ सेकंदांत मला १८ चुका सापडल्या. आकडा बघून घाबरू नकोस, कारण १८ पैकी ११ चुका म्हणजे एकच चूक ११ वेळा झालेली आहे. गोष्ट भूतकाळातली, आणि क्रियापद मध्येच वर्तमानात. हे पत्र मुख्यतः त्या एका चुकीबद्दल आहे.

तुला ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये ७ बँड हवेत. परीक्षक चार गोष्टींना सारखंच वजन देऊन गुण देतो: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. व्याकरणात ७ मिळण्यासाठी सगळं निर्दोष बोलावं लागत नाही. काही चुका राहिल्या तरी चालतात, पण पूर्ण बिनचूक अशी वाक्यं वारंवार यायला हवीत. म्हणजे तिथे मोजायचं एकक वाक्य आहे. एका वाक्यात एक चूक असो की तीन, ते वाक्य बिनचूकमध्ये धरता येत नाही. तुझी बरीचशी वाक्यं केवळ एका क्रियापदापायी वाया जातात, बाकी वाक्य अगदी छान असतं. म्हणून आत्ता ‘अ’ आणि ‘द’ च्या मागे लागू नकोस. ती सवय सुटायला फार महिने लागतात आणि तुझी परीक्षा पाच आठवड्यांवर आहे. क्रियापद धर.

ही चूक होते कुठून ते सांगतो. आपण मराठीत गोष्ट सांगताना काय करतो? “मी काल स्टँडवर गेले, बघते तर काय, ही गर्दी! एक आजी अशा बाकावर बसल्यात, मी विचारते, काय झालं?” सुरुवात ‘गेले’ने झाली आणि दुसऱ्याच श्वासात आपण ‘बघते’, ‘विचारते’वर आलो. मराठीत याला कुणी चूक म्हणणार नाही, उलट त्यानेच गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते. तू तोच चढ इंग्रजीत नेतेस. तुझी चूक गोष्ट रंगायला लागली की सुरू होते, हे मी मुद्दाम तपासलं. सुरुवातीच्या भागात एकही नाही. आजी पडल्या आणि पुढे सगळं वर्तमानात.

तुझंच वाक्य घे. तू म्हणालीस, “सडनली वन ओल्ड लेडी फेल डाउन. आय रन टु हर, आय चेक हर पल्स, शी इज स्वेटिंग.” ‘फेल’ बरोबर आलं. मग ‘रन’ ऐवजी ‘रॅन’ हवं होतं, ‘चेक’ ऐवजी ‘चेक्ट’, ‘इज’ ऐवजी ‘वॉज’. ‘चेक’बद्दल मला शंका आहे की तुला काळ माहीत होता, पण शेवटचा ‘ट’ तोंडातच राहिला. परीक्षक कानाने ऐकतो. न उमटलेला ‘ट’ त्याच्यासाठी वर्तमानकाळच. लिहिताना शेवटी ‘ईडी’ दिसतं म्हणून ‘चेकेड’ असंही म्हणू नकोस. चेक्ट, आस्क्ट, हेल्प्ट असाच उच्चार आहे, आणि ‘वेट’सारख्या ‘ट’ किंवा ‘ड’ने संपणाऱ्या शब्दांतच ‘वेटिड’ असं वेगळं अक्षर ऐकू येतं.

आता उपाय. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात तुला विषयाचं कार्ड मिळाल्यावर तयारीला एक मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते. त्या मिनिटात तू काय लिहिलंस त्याचा फोटो पाठवला होतास: ‘मिरज, स्टँड, ओल्ड लेडी, शुगर, हॅपी’. सगळी नामं! ही नामं तुला तशीही आठवली असती, तुझ्या स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग आहे तो. नाम बघून क्रियापद ऐन बोलताना शोधावं लागतं आणि घाईत मराठी सवय पुढे येते. त्याऐवजी कागदावर क्रियापदंच लिही, आणि ती भूतकाळाच्या रूपातच लिही. वॉज वेटिंग, फेल, रॅन, चेक्ट, टोल्ड मी, गेव्ह. एवढी सहा पुरतात. ती एकाखाली एक लिही, कारण हाच तुझ्या गोष्टीचा क्रमही आहे. मग मुद्दे वेगळे लिहावे लागत नाहीत.

कागदावर खाली एक आडवी रेघ मार. रेघेच्या वर भूतकाळ, रेघेच्या खाली आज. कार्डाची शेवटची ओळ बहुतेक वेळा ‘तुम्हाला कसं वाटलं’ किंवा ‘हे का लक्षात राहिलं’ असं विचारते. तिथे वर्तमानात यायला तुला हक्काची जागा आहे: “आय स्टिल कीप ग्लुकोज पावडर इन माय बॅग.” वर्तमानकाळाची ओढ होईल तेव्हा मनात म्हण, अजून रेघ ओलांडली नाही.

वेळेची वाटणी तुझी साफ चुकली आहे, तेही सांगायला हवं. मिरजेला का गेलीस, कुणाचं लग्न होतं, बस का चुकली, यात तुझी ५० सेकंदं गेली. एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं आणि दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो. त्याने थांबवल्याने गुण जात नाहीत, पण आजींना साखरेचं पाणी कसं दिलंस हे सांगायच्या आतच वेळ संपत आली होती. जागा आणि माणूस दोन-तीन वाक्यांत आटप, साधारण २० सेकंद. घडलेल्या गोष्टीला एक मिनिटभर दे. उरलेलं रेघेच्या खालचं.

मधल्या भागात तुझ्याकडे एक रत्न आहे आणि तू ते वापरलंच नाहीस. आजींनी एकादशीचा उपास धरला होता. सकाळची गोळी घेतली होती, पण काही खाल्लं नव्हतं. मराठीत तू सहज ‘घेतली होती’, ‘खाल्लं नव्हतं’ म्हणतेस, कारण पडण्याच्या आधीची ती गोष्ट आहे. इंग्रजीत नेमकं तेच होतं: “शी हॅड टेकन हर टॅबलेट, बट शी हॅडन्ट ईटन एनीथिंग.” इथे मराठी तुला अडवत नाही, मदत करते. गोष्टीच्या आधी घडलेलं सांगताना ‘घेतली होती’, ‘खाल्लं नव्हतं’ असं कानाला ऐकू आलं की ‘हॅड’ लाव. आणि मुलाने मधुमेहाचं सांगितलं नसतं तर तुला ते ऊनच वाटलं असतं, हेही तू फोनवर मला म्हणाली होतीस. “इफ हर सन हॅडन्ट टोल्ड मी, आय वुड हॅव थॉट इट वॉज द हीट.” अशी दोन वाक्यं आपापल्या जागी, स्वच्छ आली, तर गुंतागुंतीची रचनाही तुला येते हे परीक्षकाला दिसतं. ओढून आणायची मात्र नाहीत.

दुसरी चूक तीनदा आली, आणि तिन्ही वेळा ‘म्हणाला की’च्या पाठोपाठ. “हर सन टोल्ड दॅट शी इज हॅविंग शुगर सिन्स टेन यीअर्स.” या एका वाक्यात आपली किती मराठी आहे बघ. ‘की’नंतर आपण बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवतो. इंग्रजीत मागचं वाक्य भूतकाळात असलं की पुढचंही सहसा मागे सरकतं. ‘टोल्ड’ला कुणाला सांगितलं तो माणूस लगेच हवा: टोल्ड मी. ‘दहा वर्षांपासून’ मधल्या ‘पासून’ला आपण ‘सिन्स’ लावतो, पण मुदत सांगायची तर ‘फॉर’, आणि सुरुवातीचं वर्ष किंवा दिवस सांगायचा तरच ‘सिन्स’. आणि ‘शुगर असणं’ हे आपल्याकडच्या बोलण्यात ठीक, तिथल्या परीक्षकाला कळेलच असं नाही. सगळं मिळून: “हर सन टोल्ड मी शी हॅड बीन डायबेटिक फॉर टेन यीअर्स.” हे वाक्य दहादा मोठ्याने म्हण.

बोलताना चूक लक्षात आली तर? तू दर वेळी “सॉरी, सॉरी” म्हणून वाक्य पहिल्यापासून सुरू करतेस. त्याने व्याकरण थोडं सावरतं, पण ओघाचे गुण जातात. नुकताच तोंडातून गेलेला शब्द असेल तर फक्त तो शब्द बदल, “आय रन, रॅन टु हर,” आणि पुढे चल. माफी मागू नकोस. चूक दोन वाक्यं मागे गेली असेल तर तिला सोडून दे.

सरावाची रीत अशी ठेव. रोज एकच कार्ड. मोबाइलवर रेकॉर्ड कर, मग ऐकत ऐकत उतरवून काढ. मनात काय होतं ते लिहू नकोस, तोंडातून काय आलं तेच लिही. लाल पेनाने फक्त क्रियापदांखाली रेघा मार आणि चुकलेली मोज. तेच कार्ड दुसऱ्या दिवशी, वही न बघता, पुन्हा बोल. दुसऱ्यांदा आकडा उतरणारच, त्यावर विश्वास ठेवू नको. खरं कळतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, कधीच न बघितलेल्या कार्डावर. तिथे ११ चे चार झाले तर सवय बदलू लागली आहे. पाठ मात्र काही करू नकोस. पाठ केलेल्या उत्तराचा सूर परीक्षक ओळखतो, आणि प्रश्न जरा वेगळा आला की माणूस अडकतो.

पहिल्या आणि तिसऱ्या भागाची मला तुझ्याबद्दल फार काळजी नाही. पहिल्यात दोन-तीन वाक्यं बोलून थांबायला शीक. तिसऱ्यात समाजाबद्दल, लोकांबद्दल विचारतात, तिथे आधी तुझं मत, मग कारण, मग एखादं उदाहरण. वॉर्डातल्या उदाहरणावर आलीस की पुन्हा गोष्ट सुरू होते, आणि गोष्ट सुरू झाली की तुझं क्रियापद घसरतं, एवढं ध्यानात ठेव.

रविवारी माझ्याकडे ये. एक कार्ड मी काढून ठेवतो, तू आधी बघायचं नाहीस. येताना या आठवड्याची वही आण, लाल रेघांसकट.

तुझे,
सर