माझा सराव ७ मिनिटे प्रति किमी या पेसने होतो. १०० किमी अल्ट्राला ११ तास ४० मिनिटे धरू का? वाटेतल्या थांब्यांचे किती धरायचे?

धरू नका. हा आकडा मला तोंडपाठ आहे, कारण माझ्या पहिल्या १०० किमी शर्यतीच्या आधी आमच्या ग्रुपच्या प्रशिक्षकांनीही सात गुणिले शंभर करून नेमका तोच काढला होता. मी त्यात पेसची घसरण आणि एड स्टेशनचे थांबे घालून वेगळा तक्ता केला, तेव्हा "हिशेब करत बसणाऱ्यांची शर्यत कागदावरच संपते" असे ते सर्वांदेखत म्हणाले होते.

शर्यत डिसेंबरमधली, सपाट रस्त्याची आणि सकाळी ६ वाजता सुटणारी होती. दर १० किमीला एड स्टेशन होते आणि आधी आयोजकांकडे भरून दिलेली ड्रॉप बॅग ५० किमीवर मिळणार होती. त्याआधीच्या ५० किमी शर्यतीत माझे पहिले १० किमी ७:०० च्या, तर शेवटचे १० किमी ८:०० च्या पेसने झाले होते, म्हणजे दर दहा किलोमीटरमागे पेस १५ सेकंदांनी उतरत गेला होता. हीच घसरण पुढे चालू ठेवली, तर शंभरातले शेवटचे दहा किलोमीटर ९:१५ ने होतात. घसरण अशी एकसारखी असली की दहा ओळींची बेरीज करावी लागत नाही. पल्ल्याच्या मध्यावरचा पेस हाच सरासरी पेस असतो. येथे तो जवळपास ८:०८ येतो, आणि नुसते धावण्याचे साडेतेरा तास होतात. थांबे मी पहिल्या चार ठिकाणी तीन-तीन मिनिटे, ५० किमीवर बारा आणि पुढच्या चार ठिकाणी पाच-पाच मिनिटे असे एकूण ४४ मिनिटे धरले. एकूण वेळ सव्वाचौदा तास, म्हणजे सरांच्या आकड्यापेक्षा अडीच तासांहून अधिक.

हा फरक केवळ कागदावरचा नव्हता. सरांच्या हिशेबाने मी संध्याकाळी ५:४० ला, उजेडातच, शर्यत संपवणार होते. म्हणून "हेडलॅम्पचे ओझे कशाला" असे त्यांनी सगळ्यांना बजावले होते. माझ्या तक्त्याप्रमाणे ८० किमीला पाच वाजून गेलेले असणार होते आणि ९० किमीला साडेसहा, म्हणजे अंधार मधल्याच टप्प्यात गाठणार होता. ड्रॉप बॅग ५० नंतर पुन्हा हाती येणार नव्हती, त्यामुळे भर दुपारी मी त्या बॅगेतून हेडलॅम्प काढून कमरेच्या पट्ट्यात खोचला, तेव्हा एक-दोघे हसलेही. ८५ किमीच्या आसपास ग्रुपमधली एक मैत्रीण मोबाइलच्या उजेडात रस्त्याची कड शोधत चालताना दिसली. तिच्या बॅटरीचे नऊ टक्के उरले होते. तिथून पुढे आम्ही दोघी माझ्या एकाच दिव्यावर गेलो. मला एकूण १४ तास ३१ मिनिटे लागली. वरची पंधरा मिनिटे ७० किमीच्या स्टेशनवर फोडाला पट्टी लावून बूट बदलण्यात गेली.

तुमच्यासाठी महत्त्वाचे हे, की घसरण घड्याळातल्या चालत्या वेळेवरून काढा आणि थांबे वेगळे मोजा. आपण थांबलो की घड्याळही थांबवणारा ऑटो-पॉज सुरू असेल तर थांबे घड्याळातून गायबच होतात. बंद असेल तर ते त्या किलोमीटरच्या पेसमध्ये मिसळतात आणि मग तुम्ही ते दोनदा धरता. निम्म्या वाटेवर पुन्हा अंदाज बांधायचा असेल, तर आतापर्यंतचा वेळ दुप्पट करू नका. माझ्या तक्त्यात ५० किमीपर्यंत ६ तास २७ मिनिटे होती, त्याची दुप्पट जवळपास १२ तास ५४ मिनिटे होते. म्हणजे अंदाज एक तास वीस मिनिटांहून अधिक चुकला असता. त्याऐवजी ७५ किमीला अपेक्षित असलेला पेस उरलेल्या ५० किमीला लावा आणि उरलेले थांबे त्यात मिळवा. घसरणीच्या आकड्यावर मात्र नीट विचार करा. ती पंधराऐवजी वीस सेकंद निघाली तर एकूण वेळ ३७ मिनिटांनी वाढतो, तर प्रत्येक स्टेशनवर दोन मिनिटे जास्त गेल्याने फक्त १८.

हे सर्व सपाट रस्त्यापुरते आहे. घाट असेल तर चढ-उताराचे टप्पे वेगळे करून प्रत्येकाचा वेळ स्वतंत्र धरावा लागतो. पोट बिघडले किंवा मांड्या आखडल्या तर घसरण एकसारखी राहत नाही, माणूस सरळ चालू लागतो. म्हणून एक वाईट आकडाही काढून ठेवा: ७० नंतर सगळे अंतर ११ मिनिटे प्रति किमीने चालले, तर माझ्या तक्त्यात तासभर वाढतो. कटऑफची, म्हणजे ज्या वेळेनंतर शर्यतीतून बाद करतात तिची, तुलना त्या आकड्याशी करा, आणि कटऑफ स्टेशनला पोहोचण्याचा आहे की तिथून निघण्याचा, हे आयोजकांना आधी विचारा. प्रशिक्षकांनी सात गुणिले शंभर करून दिले, तर "यात थांबे कुठे आहेत?" एवढे मात्र त्यांना सर्वांदेखतच विचारा.