मंजुरी रखडलीय, साहेबांना कसं विचारू?

मंजुरीची आठवण कशी करायची, हा प्रश्न दर महिन्याला नव्या नावानं येतो. या वेळी काही निवडक पत्रं.

साहेबांनी व्हॉट्सअॅप पाहिलंय, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र नाही. परत पाठवू? (मिरज)

नको. पैशाची मंजुरी मेलवर किंवा फाईलवर मागा.

आमच्या खात्यात एकानं सांगितलं की सात दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजायचं, कायदाच आहे. तसं आठवणीत लिहिलं तर चालेल? (सातारा, सरकारी कार्यालय)

हे ऐकीव ज्ञान कुठून फिरतं कोण जाणे. महाराष्ट्राचा २००५ चा बदल्या आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम आहे. कर्मचाऱ्याकडे नस्ती साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं तो म्हणतो. नस्ती पडून राहिली तर ती आपोआप मंजूर होते, असं त्यात नाही. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय आपल्याच अधिकाऱ्याला कलम दाखवणं म्हणजे आठवण नव्हे, नोटीस झाली. नस्तीवर दोन ओळींची टिपणी जोडा, मूळ टिपणीची तारीख लिहा आणि ‘आदेशार्थ पुनश्च सादर’ म्हणून पाठवा. विषयाला वेगळी मुदत ठरलेली असेल तर आस्थापना शाखेला आधी विचारा.

कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत परचेसला आहे. स्क्रू कॉम्प्रेसरच्या ओव्हरहॉलची फाईल २ जूनला प्लँट मॅनेजरांकडे दिली. ‘सर, अजून मंजुरी आलेली नाही, प्लीज लवकर करा’ असे दोन मेल केले. आता ते माझ्याशी तुटक बोलतात. काय चुकलं?

‘अजून’ आणि ‘लवकर’ हे दोन शब्द चुकले. पहिला सांगतो की तुम्ही उशीर केला, दुसरा सांगतो की घाई करा. मेलमध्ये कॉम्प्रेसर कुठेच नाही, आहे ते फक्त साहेबांचं वागणं. ‘प्लीज’ लावून ते झाकलं जात नाही.

फाईल का थांबलीय, हे आधी शोधा. माझ्या पाहण्यात आळसापेक्षा तीन कारणं जास्त येतात. तुलनातक्त्यात एकच कोटेशन असतं. खर्च दुरुस्तीत धरायचा की भांडवली, हे अकाउंट्सनं सांगितलेलं नसतं. किंवा रक्कम साहेबांच्या सहीच्या मर्यादेपलीकडे असते आणि फाईल वर न्यायची हे कुणी बोललेलं नसतं. तिसरं असेल तर शंभर मेल केले तरी सही येणार नाही, कारण ती त्यांची नाहीच. कंपनीच्या अधिकारांचा तक्ता अकाउंट्सकडे मागा. मर्यादा ठाऊक नसताना आठवणी पाठवणं मला पटत नाही.

मग तारीख पुढून मागे मोजा. तुमच्या पत्रातली माहिती अशी: पुढचं शटडाउन १ ऑगस्टला, पुरवठादाराला ऑर्डरनंतर सुटे भाग आणायला तीन आठवडे, म्हणजे ऑर्डर १० जुलैपर्यंत जायला हवी. पण कोटेशन ३० जूनपर्यंतच चालू आहे. ऑर्डर करायला, तपासायला दोन-तीन दिवस धरा. म्हणजे मंजुरी २७ जूनला हवी. ही तारीख तुमच्या मनातली नाही, कोटेशन आणि शटडाउन यांनी ठरवलेली आहे. म्हणूनच ती सांगताना बोट कुणाकडे जात नाही.

आता मेल साधारण असा करा:

‘सर, कॉम्प्रेसर ओव्हरहॉलची फाईल २ जूनपासून आपल्याकडे आहे. रक्कम ३,८५,०००. कोटेशन ३० जूनपर्यंत चालू आहे, आणि १ ऑगस्टच्या शटडाउनला काम धरायचं तर २७ जूनला मंजुरी लागेल. तुलनातक्ता पुन्हा जोडलाय. माझ्याकडून काही कमी असेल तर सांगा, आजच देतो. हे काम पुढच्या शटडाउनला ढकलायचं ठरलं असेल तरी कळवा, मी पुरवठादाराला तसं सांगतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका. नकाराला जागा दिली की दडपण उतरतं. ‘हो’ म्हणा एवढंच मागितलं तर माणूस गप्प बसतो, कारण ‘नाही’ म्हणायला त्याला कारणं द्यावी लागतात. इथे ‘ढकला’ एवढं लिहूनही ते मोकळे होतात, आणि तुम्हालाही उत्तर मिळतं. ‘आपल्याकडे आहे’ हेसुद्धा ‘आपल्याकडे पडून आहे’ असं होऊ देऊ नका. एका क्रियापदानं सगळा सूर बिघडतो.

परिणाम सांगायचा तर मेंटेनन्सवाल्यांच्या तोंडून एक ओळ घ्या. डिस्चार्ज तापमान वाढतंय का, बेअरिंगचा आवाज येतोय का, नोंदवहीत असेल तेवढंच लिहा. ‘प्लँट बंद पडेल’ असं स्वतःहून ठोकून देऊ नका. साहेब त्याच माणसाला बोलावून विचारतील आणि तो म्हणेल, ‘एवढं काही नाही.’

तीन कामाचे दिवस गेले की मेलला मेल जोडू नका. प्रिंट घेऊन केबिनमध्ये जा. उत्पादनाची मीटिंग संपल्यावर, दारातूनच ‘सर, दोन मिनिटं, कॉम्प्रेसरचं’ म्हणा. कागद पुढे ठेवा आणि गप्प राहा. बऱ्याचदा तिथेच अडलेली गोष्ट कळते, उदाहरणार्थ ‘अरे, दुसरं कोटेशन कुठंय?’ तरीही हललं नाही तर त्यांनाच विचारा, ‘वर मी घेऊन जाऊ का, की आपण बोलाल?’ त्यांना न विचारता वर जाऊ नका.

एका ठिकाणी मात्र ही नरमाई चालत नाही. एअर रिसीव्हरची तपासणी, सेफ्टी व्हॉल्व्ह, क्रेनची चाचणी अशा गोष्टी रखडल्या असतील तर भाषेची काळजी बाजूला ठेवा आणि सेफ्टी ऑफिसरला त्याच दिवशी लेखी कळवा.

डायरेक्टर साहेबांना कॉपीत ठेवलं की काम लगेच होतं, असं सगळे म्हणतात. खरं का? (विटा)

एकदा होतं. पुढच्या वेळी तुमची फाईल सगळ्यात खाली जाते. कॉपी करायचीच असेल तर आधी मॅनेजरांना सांगा, आणि तशी कंपनीची पद्धत आहे का ते एचआरला विचारा.

पुरवठादार रोज फोन करतो, ‘आज ऑर्डर द्या, उद्यापासून रेट वाढतोय.’ तेच साहेबांना सांगितलं की ते चिडतात. (सातारा एमआयडीसी)

चिडतीलच. ते विक्रेत्याचं दडपण तुमच्या तोंडून ऐकतायत. ‘उद्यापासून रेट वाढतोय’ हा जुना डाव आहे, तो प्रत्येक महिनाअखेरीला निघतो. कोटेशन काढून मुदतीची ओळ वाचा. मुदत शिल्लक असेल तर त्याला तेवढं शांतपणे सांगा. संपत आली असेल तर पंधरा दिवसांची वाढ मेलवर मागा. फोनवरची वाढ धरू नका. खरा विक्रेता बहुधा देतो. दर खरोखरच वाढत असतील, उदाहरणार्थ तांब्याचे, तर कारण त्याच्याकडून लेखी घ्या आणि साहेबांना तो कागद द्या. तुमचं मत त्यात मिसळू नका. आणि मोठी रक्कम असेल तर अकाउंट्सना आधी दाखवा.

रजेचा अर्ज तीन आठवडे झाले पडलाय, तिकीटही काढलंय. तिकीट काढल्याचं सांगू का? (सांगली)

सांगू नका, ते दडपणच झालं. त्या दिवसांत तुमचं काम कोण पाहणार, त्याचं नाव लिहून पाठवा. शिल्लक रजा एचआरकडून तपासून घ्या. आणि तिकीट रद्द करायची शेवटची तारीख आजच बघून ठेवा.