दगडूचा दत्तू करू नका

या वेळी तीन पत्रं आली आहेत, पण जागा सगळी एकालाच देणार आहे. उरलेल्या दोघींनी रागावू नये. वंशावळ म्हटलं की माझं असंच होतं, हे घरच्यांना ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही कळेल.

मेलबर्नहून 'गोंधळलेली सून' लिहिते: "गेल्या सुट्टीत पुण्याच्या घरी आजेसासऱ्यांनी १९७१ साली हातानं काढलेली वंशावळ सापडली. मी तिचा फोनवर फोटो काढला, स्कॅनच्या सोयीनं पांढराशुभ्र करून घेतला. गणपतीला सगळे आमच्याकडे जमतात, तोवर नीट टाइप करून फ्रेम करायची आहे. पण गोविंद हे नाव दोन भावांच्या खाली आहे, त्यातलं एक खोडू का? एक नाव 'दगडू' असं दिसतं, ते दत्तू असणार, आमच्या घरात असं नाव कोण ठेवेल? त्याच्यापुढे १८१२ लिहिलंय, तेही चुकीचंच दिसतं. काही बायकांना दोन-दोन नावं आहेत. आणि एकाच्या शेजारी नुसतं 'काका' लिहिलंय. काका कोणाचा?" (पत्रातली नावं मी बदलली आहेत.)

सूनबाई, फ्रेम करायची हौस छान आहे. आपण इतक्या लांब येऊन बसलो आणि मुलं सगळ्यांना सरसकट अंकल म्हणतात, तेव्हा भिंतीवर काहीतरी हवंच. पण तुझ्या पत्रात 'नीट' हा शब्द आला आणि माझ्या पोटात गोळा आला. हा उद्योग मी १९९८ साली करून बसले आहे. बाबांच्या पंचाहत्तरीला आमची वंशावळ सुबक करून छापली, त्यात एकच नाव दोनदा दिसलं म्हणून एक उडवलं. साताऱ्याच्या आत्यानं कागद हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या बाबांना कुठं टाकलंस गं?" कार्यक्रमभर नंतर ती माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून माझा एकच हेका आहे. आधी जसंच्या तसं उतरवायचं, खाडाखोड, डाग आणि प्रश्नचिन्हांसकट. निर्णय त्यानंतर.

पहिला दोष त्या पांढऱ्याशुभ्र फोटोचा. स्कॅनची ती सोय कागदाचा पिवळेपणा घालवते, तशीच फिकट पेन्सिलही घालवते, आणि दोन शायांमधला फरकही बुजवून टाकते. जुन्या वंशावळीत मागाहून केलेल्या दुरुस्त्या बहुधा पेन्सिलीतच असतात. म्हणून तुझ्याकडून मूळ फोटो मागवला, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून, कारण साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. मूळ फोटो मोठा करून पाहिला तर सदाशिवच्या खालच्या गोविंदपुढे पेन्सिलीत बारीक 'द.' आहे. तुझ्या शुभ्र प्रतीत तिथं कोरा कागद! पुण्यात आता जे कोणी असेल त्यांना सांग, कागद सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, फोन अगदी वर सरळ धरून पुन्हा फोटो काढा. आधी पूर्ण कागद, मग एकमेकांवर थोडे चढतील असे चार तुकडे, आणि मागची बाजूसुद्धा. मागच्या बाजूला बरंच काही सापडतं. आमच्याकडे वाण्याचा हिशेब होता आणि त्याखाली आजीचं माहेरचं नाव.

आता गोविंद. सदाशिव, विनायक, दगडू असे तीन भाऊ. गोविंद सदाशिवच्याही खाली आहे आणि विनायकच्याही, पण मुलंबाळं फक्त सदाशिवच्या खालच्या गोविंदला जोडलेली आहेत. त्यात तो 'द.'. म्हणजे बहुतेक विनायकाचा मुलगा निपुत्रिक थोरल्या भावाला दत्तक गेला. भावाचाच मुलगा दत्तक घेणं हे त्या काळी घरोघर होतं. माणूस एक, जागा दोन, आणि दोन्ही खऱ्या. जन्म विनायकाच्या घरचा, वंश सदाशिवाचा. तू एक खोडला असतास तर एका बाजूचा मुलगा गेला असता, नाहीतर दुसऱ्या बाजूचा अख्खा वंश. नव्या कागदावर दोन्हीकडे नाव ठेव. विनायकच्या खाली 'दत्तक गेला' लिही, सदाशिवच्या खाली 'दत्तक', आणि दोन्हींना तुटक रेघेनं जोड. मुलंबाळं मात्र एकदाच, सदाशिवकडे.

पण मी 'बहुतेक' म्हटलं, ते मुद्दाम. 'द.' म्हणजे दत्तात्रयही असू शकतो. त्यासाठी याच कागदावर त्यांनी इतरत्र 'द.' कुठे वापरलाय का, नावं तोडताना ते कशी तोडतात, हे पाहायचं. गावाकडे जमीन असेल तर याहून भक्कम पुरावा मिळतो. सदाशिव गेल्यावर वारस कोण लागला, याची फेरफार नोंद असते. तिथं गोविंदच्या पुढे बापाचं नाव सदाशिव आलं तर प्रश्न मिटला. नोंद जुनी असली तर मोडी लिपीत असेल, वाचणारा शोधावा लागेल. तोवर कागदावर 'दत्तक?' असं प्रश्नचिन्हासकटच राहू दे. फ्रेममध्ये प्रश्नचिन्ह दिसलं तर काय बिघडतं?

दगडूबद्दल मात्र तुला थोडं रागावणार आहे. "आमच्या घरात असं नाव कोण ठेवेल?" अगं, ज्या घरात आधीची मुलं जगली नाहीत त्या घरात ठेवत. दगडू, धोंडू, भिकू. चांगलं नाव ठेवलं तर दृष्ट लागेल, मृत्यूचं लक्ष जाईल, या भीतीनं मुद्दाम ओबडधोबड नाव द्यायचं. म्हणजे विनायक आणि दगडू यांच्यामध्ये कदाचित दोन-तीन मुलं होऊन गेली, जी या कागदावर नाहीत. नक्की सांगता येणार नाही, पण त्या बाईच्या दुःखाची एवढी एकच खूण उरली असेल, आणि तू ती पुसून तिथं दत्तू लिहायला निघालीस.

अक्षर वाचायचं तर अंदाजानं वाचू नये. त्याच हातातली, तुला पक्की माहीत असलेली नावं शोध. 'गोविंद' मधला ग बघ, 'सदाशिव' मधला द बघ, दत्तात्रय कुठे असेल तर त्यातला त्त बघ, आणि ती तिन्ही अक्षरं कातरून या नावाशेजारी ठेव. मी ठेवली. मधलं अक्षर ग आहे, त्त नाही. अशी एका हाताची बाराखडीच करून ठेवावी, कारण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य हे घाईच्या अक्षरात एकसारखेच दिसतात. 'घोंडो' वाचलंस तर ते धोंडोच आहे, घोंडो नावाचा माणूस नसतो. पण ऱ्हस्व-दीर्घावरून कधी निष्कर्ष काढू नकोस. आजेसासऱ्यांच्या पिढीनं शाळेत मोडी गिरवली होती, आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद पाळतच नाहीत. म्हणून एकीकडे 'सिता' आणि दुसरीकडे 'सीता' असेल तर त्या दोन बायका नव्हेत.

तो १८१२ चुकलेला नाही, शक आहे. ७८ मिळव, १८९० येतं. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. आजेसासऱ्यांनी वरच्या पिढ्या आणखी जुन्या कागदावरून उतरवल्या असणार, म्हणून तिथं शक आणि खालच्या पिढ्यांना इसवी सन. आकडा बदलू नकोस, 'शके १८१२ (१८९०-९१)' असं लिही.

दोन-दोन नावांच्या बायका. लग्नात नाव बदलत, तेव्हा कंसातलं बहुधा माहेरचं नाव. पण दुसरेपणाची बायकोही असू शकते, तेव्हा नावांपुढे १, २ किंवा 'प्रथम कुटुंब', 'द्वितीय कुटुंब' असं आहे का ते बघ. माहेरचं आडनाव दिलं असेल तर निकाल पटकन लागतो. आडनावं दोन तर बायका दोन. काहीच नसेल तर दोन्ही नावं जशी आहेत तशी ठेव.

आणि 'काका'. यावर मी एक अख्खा लेख लिहू शकते, पण संपादक कापतील. आम्ही भावंडं आमच्या बाबांना काका म्हणत असू आणि आईला वहिनी. एकत्र घर. चुलत भावंडं काका म्हणायची, धाकटे दीर वहिनी म्हणायचे, तेच आम्ही उचललं. पुढे पुण्यातल्या एका नातलगानं माझ्या भावाच्या वहीवरून वंशावळ नीट केली, त्यात 'काका' पाहून बाबांना आमच्या आजोबांचा आणखी एक मुलगा केलं. बाबा स्वतःचेच भाऊ झाले. म्हणून काका, दादा, अण्णा, भाऊ हे नातं म्हणून वाचू नये. ते हाकेचं नाव असतं. कागद कोणी लिहिला आणि तो त्या माणसाला काय म्हणायचा, एवढंच त्यातून कळतं. तुझ्या कागदावरचे 'काका' लिहिणाऱ्याचे वडीलही असू शकतात.

आता फोन कर. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कोण? बहुतेक एखादी आत्या किंवा चुलत सासूबाई असतील, वंशावळीत नाव नसलेल्या, पण सगळं पाठ असलेल्या. त्यांना "दगडू की दत्तू?" असं विचारू नकोस. त्या भिडेखातर एक निवडतील, किंवा तुला जे हवंय ते म्हणतील. "तुमच्या आजोबांना भाऊ किती, त्यांना काय म्हणायचे, गोविंदराव लहानपणी कुठल्या घरी होते?" असं विचार आणि गप्प बस. जे सांगतील त्याच्यापुढे त्यांचं नाव आणि तारीख लिही. दोघींनी दोन सांगितलं तर दोन्ही लिही. आणि ही फ्रेम जातीच्या पडताळणीला किंवा वारसाच्या कामाला लावू नकोस, तिथं दाखलेच लागतात.

दुबईच्या ताईंनी विचारलंय की मुलगी मराठी शाळेला जायला रडते. शाळेनंतर तिथं वडापाव मिळतो का बघा, नाहीतर तुम्ही न्या. लेस्टरच्या वहिनींनी सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार म्हणून काय तयारी करू विचारलंय. आधी त्यांना एक कोरी वही आणि जाड टोकाचं पेन द्या, आणि त्यांच्या माहेरची नावं विचारायला बसा.