बेल आणि गॅलरी: कुत्र्याचं भुंकणं कसं कमी केलं

*प्रश्न: आमचा तीन वर्षांचा बीगल बेल वाजली की दाराकडे धावत सुटतो आणि गॅलरीतून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसावर भुंकतो. रागावून झालं, पाण्याचे फवारे मारून झाले. शेजारी वैतागलेत. काय करू?*

सर्वात आधी फवारा बंद करा. आम्हीही आमच्या बंड्याला पहिले दोन महिने ओरडून गप्प करायचा प्रयत्न केला होता. कुत्रा भुंकत असताना आपण मोठ्याने ओरडलो की त्याला वाटू शकतं, घरातलेही आपल्यासोबत भुंकताहेत. फवाऱ्याने तो त्या क्षणी गप्प होतो, पण बेल वाजली की काहीतरी वाईट होतं हे त्याच्या मनात आणखी पक्कं बसतं. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे मिळतात, तेही याच कारणासाठी घेऊ नका. घाबरलेला कुत्रा भुंकायचं थांबवून थेट चावायला जाऊ शकतो.

बंड्या गावठी आहे, चार वर्षांचा, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. सकाळी आठ ते दहा या वेळात दूध, कचरा, कामाच्या मावशी, कुरियर अशी पाच-सहा वेळा बेल वाजते. मधल्या वेळात तो गॅलरीच्या ग्रिलला नाक लावून बसायचा. या दोन सवयी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे करावे लागले.

गॅलरीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. रस्त्यावरून माणूस चालला आहे, कुत्रा भुंकतो, माणूस पुढे निघून जातो. माणूस जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबात त्याला आपण हाकललं. दिवसातून पन्नास वेळा तो असा जिंकतो. म्हणून इथे शिकवण्याआधी दृश्य तोडायचं. आम्ही ग्रिलला आतून हिरवं शेडनेट दुहेरी करून बांधलं. उंची ठरवताना तो मागच्या पायांवर उभा राहिला की डोळे कुठे येतात ते पाहिलं आणि त्याच्या वर अर्धा फूट घेतलं. आमच्याकडे ते साडेतीन फूट झालं. खिडकीच्या काचेला धुरकट फिल्म लावली तरी चालते, तिच्यातून उजेड येतो पण माणूस दिसत नाही. घरात कोणी नसताना गॅलरीचं दार बंद. एवढ्यानेच दिवसभराचं भुंकणं निम्म्याहून कमी झालं.

उरलेल्यासाठी संध्याकाळी दहा मिनिटं त्याला पट्टा लावून हॉलच्या मागच्या भिंतीपाशी बसतो आणि गॅलरीचं दार उघडतो. तिथून समोरच्या इमारतीच्या जिन्यावरची माणसं लांबवर दिसतात. त्याचे कान ताठ झाले, नजर लागली, पण तोंडातून आवाज निघालेला नाही, त्या क्षणी ‘शाब्बास’ म्हणून खाऊचा तुकडा द्यायचा. भुंकलाच तर आपण फार जवळ आहोत, मागे सरकायचं. बक्षिसाची वाट पाहणं आणि भुंकणं यांतलं काय निवडायचं हे त्याला लांबूनच समजतं. माणूस दहा फुटांवर आला की त्याला काही सुचत नाही.

आता बेल. कुत्र्यासाठी बेलचा अर्थ ‘अनोळखी माणूस दारात’ असा झालेला असतो. तो बदलून ‘बेल म्हणजे गोधडीवर चिकन’ असा करायचा. मी फोनवर आमच्याच बेलचा आवाज रेकॉर्ड केला. दारापासून दूर, आतल्या खोलीत त्याची जुनी गोधडी अंथरली. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे केले. आवाज इतका हळू लावला की त्याचा फक्त कान हलला. आवाज संपला, एक सेकंद थांबलो आणि तुकडा गोधडीवर टाकला. एका वेळी दहा बेल, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटांहून जास्त नाही. तेवढं चिकन त्याच्या जेवणातून कमी करायचं, नाहीतर महिन्यात वजन वाढतं.

इथे माझी एक चूक झाली आणि ती बहुतेकांची होते. मी आधी डबा उघडायचो, मग बेल वाजवायचो. आठ दिवसांनी बंड्या डब्याच्या झाकणाच्या आवाजावर गोधडीकडे पळायचा आणि बेलकडे त्याचं लक्षच नसायचं. क्रम नेहमी बेल आधी, तुकडा नंतर. त्यामुळे तुकडे आधीच खिशात ठेवा आणि बेल वाजेपर्यंत हात खिशाकडे नेऊ नका.

काम होतंय हे कसं कळतं? बेल वाजल्यावर तो दाराऐवजी तुमच्याकडे किंवा गोधडीकडे बघतो. दहापैकी आठ वेळा असं झालं की आवाज एक पायरी वाढवा. घाईने वाढवला तर तो तुकडा हिसकावून घेतो, बोटांना दात लागतात किंवा चिकन तोंडात न घेता दाराकडे बघत राहतो. तसं दिसलं की दोन पायऱ्या खाली या. पूर्ण आवाज, मग छोटा स्पीकर दाराजवळ ठेवून, मग घरातल्या कोणीतरी बाहेर जाऊन खरी बेल दाबून, असं आम्ही सहा आठवड्यांत पोहोचलो.

पण या सहा आठवड्यांत खरी बेल रोज सकाळी वाजत राहिली तर शिकवलेलं सगळं वाहून जातं. म्हणून आम्ही बेलचं बटण बंद केलं आणि दारावर चिठ्ठी लावली: ‘कृपया बेल वाजवू नका, फोन करा.’ दूधवाल्याला आणि मावशींना समोरासमोर सांगितलं, ते लगेच ऐकतात. कुरियरवाल्याला दर वेळी सांगता येत नाही, तेव्हा पुढचे काही दिवस पार्सल खाली सुरक्षारक्षकाकडे ठेवायला सांगा. आणखी एक सोय: वेगळ्या सुराची नवी वायरलेस बेल घ्या. जुन्या बेलशी त्याच्या मनात वर्षांची भीती जोडलेली आहे, नव्या सुराशी काहीच नाही, त्यामुळे सरावाला सुरुवात स्वच्छ पाटीवर होते. आम्ही हे आधी केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

आजही बेल वाजली की बंड्या एक-दोनदा भुंकतो आणि मग गोधडीकडे जातो. मला ते पुरेसं वाटतं. कुत्र्याने दारात कोणीतरी आलं आहे हे सांगायलाच हवं, अर्धा तास सांगत राहायला नको. शेजाऱ्यांना मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की दीड महिना लागेल, त्यामुळे तक्रारी थांबल्या.

मात्र कुत्रा आजवर शांत होता आणि अचानक भुंकू लागला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा. कानदुखी, सांधेदुखी किंवा वयामुळे कमी झालेलं ऐकू येणं यानेही असं होतं, आणि ते चिकनने बरं होत नाही.

गणपतीत आमच्याकडे दिवसभर माणसं येत होती. पहिल्या दिवशी तीन बेलनंतरच तो जुन्यासारखा दारावर गेला. उरलेले दिवस त्याला मागच्या खोलीत, पंखा लावून, चघळायला गोठवलेलं दही-भात देऊन ठेवलं आणि आम्ही मुख्य दार उघडंच ठेवलं, म्हणजे बेल वाजायची गरजच उरली नाही. विसर्जनानंतर पुन्हा हळू आवाजापासून आठवडाभर सराव केला, तेव्हा तो परत गोधडीवर जाऊ लागला.