एसटी संपाची बातमी: पगारपत्रक, फलाट आणि महामंडळाचा हिशेब

प्रश्न: मी तालुक्याच्या एका साप्ताहिकासाठी लिहायला लागलोय. एसटीसारखा संप झाला की कामगारांची बाजू लिहिली तर अधिकारी रागावतात आणि प्रवाशांचे हाल लिहिले तर कामगार म्हणतात, तुम्ही सरकारचे. मागण्या, प्रवासी आणि व्यवस्थापन या तिघांना न्याय देणारी बातमी लिहायची कशी?

उत्तर:

तिघांना सारख्या ओळी दिल्या म्हणजे न्याय झाला असं समजू नका. तिघांच्या आकड्यांना एकच चाळणी लावा, मग एखाद्याला चार ओळी कमी मिळाल्या तरी चालतं. एसटीचा २०२१-२२ चा संप मी जिल्ह्याच्या ठिकाणाहून लिहिला, म्हणून तोच घेऊन सांगतो.

मागणीपासून सुरुवात करा, पण ती कधी बदलली तेही नोंदवा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या कृती समितीने उपोषण सुरू केलं, तेव्हा मुद्दे होते महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वार्षिक वेतनवाढ. राज्य कर्मचाऱ्यांप्रमाणे २८ टक्के महागाई भत्ता आणि वाढीव घरभाडे मान्य झालं, नेत्यांनी आंदोलन मागे घेतलं. तरीही ऐन दिवाळीत एकेक आगार बंद पडत गेलं आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातली जवळपास सगळी २५० आगारं थांबली. कारण आता आगाराच्या फाटकावरच्या माणसाची मागणी एकच होती, महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण. म्हणजे नेते एका मागणीवर समाधानी आणि सभासद दुसऱ्या मागणीवर ठाम. अशा वेळी ‘संघटनेची मागणी’ असं मोघम लिहिलं की बातमी चुकते. कोणती संघटना, तिचं आवाहन फाटकावरचे लोक ऐकतायत का, हे दोन प्रश्न रोज विचारावे लागतात.

विलीनीकरण म्हणजे नेमकं काय, हे वाचकाला एकदा नीट सांगा. एसटी महामंडळ हे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखालचं स्वतंत्र मंडळ आहे, त्यामुळे चालक-वाहक हे कायद्याने राज्य सरकारचे नोकर नाहीत. कामगारांचं म्हणणं असं की तिकिटाचे दर, सवलती, नेमणुका सगळं सरकारच्या संमतीने ठरतं, मग पगार तेवढा महामंडळाच्या गल्ल्यावर का? कोरोनात गाड्या उभ्या राहिल्या आणि पगार लांबले, तेव्हा हा प्रश्न घराघरात शिरला. आंध्र प्रदेशाचा दाखला सगळेच देत होते. तिथे जानेवारी २०२० पासून कर्मचारी सरकारी सेवेत घेतले गेले, मात्र त्यांचं महामंडळ बरखास्त झालं नाही. हा फरक बातमीत असला की ‘हे शक्यच नाही’ आणि ‘हे उद्या होईल’ ही दोन्ही वाक्यं किती सैल आहेत ते वाचकाला आपोआप कळतं.

आता आकड्यांची चाळणी. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी परिवहनमंत्री अनिल परब यांनी अंतरिम वेतनवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंतच्या सेवेला मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांना ४,००० आणि वीस वर्षांवरच्यांना २,५००. सोबत उदाहरणं दिली होती. नवख्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १२,०८० वरून १७,०८० आणि एकूण वेतन १७,३९५ वरून २४,५९५. त्यावरून ‘एसटी कर्मचाऱ्यांना ४१ टक्के पगारवाढ’ असे मथळे आले. आकडा खोटा नव्हता. पण तो फक्त पहिल्या गटाचा होता. मधल्या गटात एकूण वेतन २३,०४० चं २८,८०० होणार होतं, म्हणजे बरोबर २५ टक्के. तिसऱ्या गटात ३७,४४० चं ४१,०४०, म्हणजे दहा टक्क्यांहूनही कमी. पन्नाशीला आलेला चालक ‘कसले ४१ टक्के’ म्हणून चिडला असेल, तर तो आडमुठा नव्हता, तो आपलं पगारपत्रक वाचत होता.

कॅल्क्युलेटर घेऊन आणखी एक पायरी उतरा. १७,०८० ला १.४४ ने गुणलं की २४,५९५ येतात. हे ४४ टक्के म्हणजे २८ टक्के महागाई भत्ता अधिक १६ टक्के घरभाडे. पण घरभाड्याचे दर गावाप्रमाणे ८, १६ आणि २४ टक्के असे होते. तुमच्या तालुक्याचं आगार आठ टक्क्यांत बसत असेल, तर तिथल्या नव्या वाहकाचं एकूण वेतन २३,२२९ च्या आसपास येतं, म्हणजे जाहीर आकड्यापेक्षा सुमारे १,३६६ रुपये कमी. मुंबईहून आलेलं प्रसिद्धिपत्रक आणि तुमच्या आगारातली पगाराची चिठ्ठी यांत अंतर पडतं ते असं. हा हिशेब स्थानिक बातमीदारच करू शकतो, मुंबईच्या पत्रकार परिषदेत बसलेल्याला तेवढी सवडही नसते.

आणि हीच चाळणी कामगारांनाही लावायची. संपाच्या काळात हातात आठ-नऊ हजार रुपये दाखवणाऱ्या चिठ्ठ्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत. चिठ्ठी पूर्ण पाहायला मागा. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण पतपेढीचा किंवा बँकेचा कर्जाचा हप्ता आणि विनावेतन रजाही त्यातच असते. कर्जाचा हप्ता हा पगार कमी असल्याचा परिणाम असू शकतो, पण तो स्वतः कमी पगार नव्हे. बातमीत एकूण वेतन, कपाती आणि हातात पडलेली रक्कम हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी द्या. मंत्री एकूण वेतनाचं बोलत असतो, कामगार हातातल्या रकमेचं. दोघांनाही खोटं पाडायची गरज उरत नाही.

व्यवस्थापन म्हणजे एक माणूस नव्हे. आगार व्यवस्थापकाला धोरण ठरवायचा अधिकार नसतो. त्याला मागणीवर प्रतिक्रिया विचारून ‘बोलण्यास नकार दिला’ असं छापणं हा अन्याय आहे. त्याला फेऱ्या, हजेरी आणि बंदोबस्त विचारा. महामंडळाला पैशाचं विचारा, सरकारला विलीनीकरणाचं. महामंडळाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की संचित तोटा १२ हजार कोटींच्या घरात गेलाय, कोरोनात उत्पन्न आटलं, पगारालाही राज्याकडून पैसे घ्यावे लागतात. सरकारची अडचण अशी की एका महामंडळाला विलीन केलं तर बाकीची महामंडळंही रांगेत उभी राहतील. उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या तीन सदस्यांच्या समितीनेही शेवटी विलीनीकरण शक्य नसल्याचाच अहवाल दिला आणि तो मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. ही बाजू त्यांच्या सर्वांत भक्कम रूपात लिहा. मग पुढचा प्रश्न विचारा: तोट्यात सवलतींचा वाटा किती, आणि त्यांची भरपाई सरकारकडून वेळेवर येते का? हा प्रश्न लेखाधिकाऱ्याला विचारलात तर उत्तर मिळायची शक्यता जास्त.

महामंडळाच्या रोजच्या हजेरीच्या पत्रकात एक फसगत असते. ‘इतके हजार कर्मचारी कामावर परतले’ हे वाचून गाड्या सुरू झाल्यासारखं वाटतं. त्यात प्रशासकीय कर्मचारी आणि कार्यशाळेतले यांत्रिकही मोजलेले असतात. साधी गाडी सुटायला चालक आणि वाहक दोघं लागतात. त्यामुळे पत्रकातला चालक-वाहकांचा रकाना वेगळा काढा, आणि सकाळी सहा ते आठ फाटकावर उभं राहून बाहेर पडलेल्या गाड्या मोजा. त्याच तासांत नेहमी किती सुटतात ते वाहतूक नियंत्रक सांगतो. दोन्ही बाजूंचे दावे तपासायला याहून स्वस्त साधन नाही.

प्रवाशांचं लिहिताना ‘प्रवाशांचे हाल’ हा मथळा आणि बाकड्यावर झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो, एवढ्यावर थांबू नका. शहरातला माणूस वैतागला तरी त्याला रेल्वे किंवा वडाप मिळतं. खरा तडाखा मुक्कामी गाडीच्या गावाला बसतो. अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंतच्या मुली एसटीने फुकट शाळेत जातात. गाडी बंद झाली की त्यांचा प्रवास फुकटचा एकदम रोख पैशांचा होतो. त्या वर्षी कोरोनानंतर गावाकडच्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. शाळेत जाऊन हजेरीपट पाहा, संपाआधीचा आठवडा आणि नंतरचा. ती बातमी कुणालाच खोडता येत नाही. (आपल्या पेपरांचे गठ्ठेही एसटीनेच जातात, त्यामुळे संपात मालकांचा आवाज थोडा चढतो. तो बातमीत उतरू देऊ नका.)

भाड्याचंही तसंच. सरकारने तेव्हा खासगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय, मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली होती. खासगी कंत्राटी बससाठी एसटी भाड्याच्या दीडपटीची मर्यादा २०१८ पासून आहे. शिवाय संपाच्या तोंडावरच एसटीचं भाडं १७.१७ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे ‘लूट’ लिहिण्याआधी नवं एसटी भाडं धरून दीडपट काढा. मर्यादेच्या वर घेतलं असेल तर रक्कम, मार्ग आणि तारीख द्या आणि परिवहन कार्यालयाला विचारा. आत असेल तर ते महाग आहे, पण लूट नाही.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. ‘बेकायदा संप’ हे न्यायालयाचं मत असेल तर कोणत्या न्यायालयाचं ते लिहा, अधिकाऱ्याचं असेल तर त्याच्या तोंडी ठेवा. आणि आत्महत्यांच्या बातमीत संघटनेचा आकडा संघटनेच्या नावावर आणि पोलिसांची नोंद पोलिसांच्या नावावर द्या. एका माणसाच्या मृत्यूला एकच कारण चिकटवू नका, आणि पद्धतीचं वर्णन तर मुळीच नको.

शेवटचा भाग बहुतेक पेपर सोडून देतात. उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये कामगारांना २२ तारखेपर्यंत रुजू व्हायला सांगितलं, वेळेत येणाऱ्यांवर कारवाई नको असंही बजावलं, आणि पहिल्या पानावरून संप संपला. तुम्ही मात्र पंधरा दिवसांनी आगारात परत जा. निलंबित झालेले किती जण घेतले, पगार ठरल्याप्रमाणे दहा तारखेच्या आत झाला का, आणि संपाआधीच्या वेळापत्रकातल्या कोणत्या मुक्कामी गाड्या अजून सुरूच झाल्या नाहीत, हे विचारा. त्या गावांची नावं छापा.