काच फुटली, आता आधी काय?

[बाजेवर ठेवलेल्या मोबाईलचा एक फोटो. वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेल्या चिरा, खाली काळा डाग, स्क्रीन चालू. मजकूर काहीच नाही.]

नमस्कार. दादा म्हणू की ताई, हे फोटोवरून कळत नाही, म्हणून नुसतं ‘तुम्ही’ म्हणतो. बाकी फोटोनं बरंच सांगितलंय.

पहिली गोष्ट, हा फोटो दुसऱ्या मोबाईलनं काढलाय. म्हणजे घरात आणखी एक चालू फोन आहे, आणि तो आज फार कामाचा आहे. दुसरी गोष्ट, स्क्रीन जिवंत आहे, वेळ दिसतेय. आणि तिसरी, जी तुमच्या लक्षात आली नसावी: वेळेच्या खाली बँकेचा मेसेज उघडा पडलाय. खात्याचे शेवटचे चार आकडे आणि शिल्लक, दोन्ही वाचता येतात. मी ते झाकून ठेवलंय. हाच फोटो दुकानदाराला, मेव्हण्याला, गावच्या ग्रुपवर पाठवला असेल तर आधी तिथून काढून टाका.

आता तुमची काळजी नेमकी कोणती? दुरुस्तीचा खर्च, विमा मिळेल का, की आतली माहिती? फोटो पाठवणारे बहुतेक जण पहिलं विचारतात, ‘किती लागतील?’ मला उलटं वाटतं. खर्चाचा निर्णय आठ दिवस थांबला तरी बिघडत नाही. विम्याला मात्र दिवसांची मुदत असते. आणि माहितीच्या बाबतीत तर तासांचा हिशोब आहे, कारण खालचा तो काळा डाग. डिस्प्लेला आतून मार बसला की असा डाग पडतो आणि बऱ्याचदा पसरत जातो. आज अंगठ्याएवढा आहे, परवा अर्धी स्क्रीन खाईल.

म्हणून फोन बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. चार्जिंग टिकवून ठेवा. बंद करून चालू केला की अँड्रॉइड पहिल्यांदा बोटाचा ठसा घेत नाही, पिन किंवा पॅटर्नच मागतो. पिनचे आकडे स्क्रीनच्या खालच्या भागात येतात, आणि तुमचा डाग नेमका तिथंच आहे. तिथला टच मेला असेल तर फोन ठणठणीत असूनही तुम्ही त्याच्या बाहेर. तसं झालंच तर फोनच्या चार्जिंगच्या जागी ओटीजी अडॅप्टर लावून संगणकाचा माऊस जोडा. बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि माऊसनं पिन टाकता येतो. माऊस घरी नसला तर सेवा केंद्रातल्या पोराकडून तासाभरासाठी उसना आणा. स्क्रीन पूर्ण काळी झाली तर मात्र हा उपाय चालत नाही, कारण बाण कुठं फिरतोय तेच दिसत नाही.

आत शिरल्यावर फोटो आणि नंबर गुगल खात्यात गेलेत का बघा. मग व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, सेटिंगमध्ये चॅट्स, तिथं चॅट बॅकअप. तो पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या फोनवर त्या नंबरचं व्हॉट्सअ‍ॅप सुरू करू नका. नव्या फोनवर सुरू झालं की जुन्यावरचं बंद पडतं, आणि बॅकअप न घेतलेल्या गप्पा, पावत्यांचे फोटो, सगळं त्या फुटक्या फोनमध्येच अडकतं.

बॅकअप झाला की सिम काढून घरातल्या त्या दुसऱ्या फोनमध्ये टाका. ओटीपी आता तिकडं येतील, पीएम-किसानचा असो की बँकेचा. यूपीआय नव्या फोनवर नोंदवलं तर पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. बियाण्याचं किंवा मजुरीचं मोठं देणं असेल तर ते धरून चाला.

हे झालं की विमा. ‘आपला कुठं विमा असतो मोबाईलचा’, असं म्हणून हा विषय सोडू नका. सेलूकडचे एक गृहस्थ माझ्याकडं येतात, कृषी सेवा केंद्र चालवतात. गेल्या वर्षी त्यांचा फोन औषधांच्या खोक्यावरून फरशीवर पडला. तेही हेच म्हणाले, ‘सर, विमा-बिमा काही नाय आपला.’ मी म्हटलं, बिल तर दाखवा. बिल निघालं दुकानाच्या कॅलेंडरच्या मागं खोचलेलं. फोन १७,९९९ रुपयांचा, हप्त्यावर घेतलेला, आणि खाली बारीक अक्षरात स्क्रीन प्रोटेक्शन १,१९९ रुपये. हप्त्यात मिसळून गेल्यामुळं त्यांना पत्ताच नव्हता. आपल्याकडं हप्त्यावर फोन घेणाऱ्यांच्या बाबतीत हे फार होतं. दुकानदार घाईत सांगत नाही, आपण विचारत नाही. तेव्हा बिल, कर्जाचा कागद आणि खरेदीच्या दिवसांतले मेसेज तपासा. कंपनीची वॉरंटी वेगळी. ती पडून फुटलेल्या काचेला लागू होत नाही, आणि ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ असं नाव असलं तर तीही बहुधा नाही.

असं काही सापडलं तर दुरुस्ती थांबवा आणि आधी कळवा. बऱ्याच प्लॅनमध्ये घटना कळवायची मुदत थोड्या दिवसांची असते, काहींत एक-दोन दिवसांचीच. मंजुरी येण्याआधी बाजारात डिस्प्ले बदलला तर क्लेम गेलाच म्हणून समजा. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. माझा फोन लातूरला जाताना बसच्या पायरीवर पडला. संध्याकाळी मीटिंग होती म्हणून स्टँडजवळ घाईत काच बसवून घेतली आणि चार दिवसांनी क्लेम टाकला. फुटका भागच शिल्लक नाही, तपासायचं काय, असं एका ओळीचं उत्तर आलं. लोकांना पैशाचा सल्ला देणारा माणूस मी. महिनाभर घरात कुणाला सांगितलं नाही.

कळवताना बिल आणि आयएमईआय नंबर लागतो. तो *#06# डायल करून दिसतो. टच चालत नसेल तर खोक्यावरच्या स्टिकरवर असतो. बिलावरचा आणि फोनचा आयएमईआय एकच हवा. कसा पडला ते जसं घडलं तसंच लिहा, तारखेसकट. ‘आपोआप फुटला’ लिहू नका. हा विमा अपघातासाठी असतो, आणि आपोआप फुटणं हा अपघात नव्हे. आता नवा प्लॅन घेऊन जुन्या काचेचा क्लेम टाकायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. प्लॅन चालू करताना स्क्रीनचा फोटो किंवा तपासणी मागतात.

आता सेलूच्या गृहस्थांचा हिशोब. फोन तेव्हा १४ महिन्यांचा होता. अधिकृत केंद्रानं डिस्प्लेचे ५,८०० रुपये सांगितले. बाजारात कॉपी फोल्डर, म्हणजे नकली डिस्प्ले, बसवून २,२०० मध्ये काम होत होतं, आणि त्यांचं मन तिकडंच ओढत होतं. प्लॅनमध्ये ३० टक्के घसारा होता, म्हणजे १,७४० रुपये त्यांचे, वर क्लेमची फी ५००. एकूण २,२४०. कॉपीपेक्षा फक्त चाळीस रुपये जास्त देऊन त्यांना कंपनीचा डिस्प्ले मिळाला. कागद न उलटता बाजारात गेले असते तर जवळपास तेवढेच पैसे देऊन कमअस्सल माल घेतला असता.

त्यांच्या फोनला बोटाचा ठसा स्क्रीनच्या आत होता, आणि कॉपीची गोम तिथंच असते. अस्सल अ‍ॅमोलेड डिस्प्लेच्या जागी साधा एलसीडी बसवला की तो ठसा चालत नाही. मग बँकेचं अ‍ॅप असो की दुसरं काही, दरवेळी पिन टाकत बसा, तोही गर्दीत, लोकांसमोर. ‘सेम टू सेम’ म्हणणाऱ्या दुकानदाराला एवढंच विचारायचं, ठसा चालेल का, आणि पैसे देण्याआधी तिथंच चालवून बघायचा.

प्लॅन नसेल तर? तेच आकडे धरू. अधिकृत डिस्प्लेवर फोन आणखी दोन वर्षं चालणार असेल तर ५,८०० ला २४ नं भागा, महिन्याला २४२ रुपये पडतात. कॉपी आठ महिन्यांत उखडली किंवा त्यावर हिरवी रेघ आली तर २,२०० भागिले आठ, म्हणजे महिन्याला २७५. तेव्हा स्वस्त कोणतं, हे फोन अजून किती दिवस वापरायचा यावर ठरतं. त्यासाठी सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. दीड-दोन वर्षांपासून अपडेट बंद असेल तर बँकेचं अ‍ॅप ठेवण्याच्या फोनवर मी ५,८०० घालणार नाही. अशा वेळी स्वस्त फोल्डर टाकून माहिती काढून घ्यायची आणि तो फोन लेकरांच्या अभ्यासाला ठेवायचा.

केंद्रात देताना सिम आणि मेमरी कार्ड घरीच ठेवा. पिन चिठ्ठीवर लिहून देऊ नका. डिस्प्ले बदलायला पिन लागत नाही, टच तपासायला तुमच्यासमोर उघडून दाखवा. काही फोनमध्ये Maintenance mode किंवा Repair mode असतो, तो लावला की दुरुस्त करणाऱ्याला तुमचे फोटो आणि अ‍ॅप दिसत नाहीत. ‘फोन रिसेट करावा लागेल’ असं म्हणाले तर विचारा, काच बदलायला रिसेट कशाला? क्लेममध्ये दुरुस्तीचा खर्च फार निघाला तर काही कंपन्या फोनच ठेवून घेतात आणि घसारा कापून रक्कम देतात. तेव्हा आतलं सगळं आधी बाहेर काढलेलं असावं, बॅकअपला मी वर धरलं ते त्यासाठीसुद्धा.

क्लेम नाकारला आणि कारण पटलं नाही, तर कंपनीकडं लेखी तक्रार करा. विमा कंपनी असेल आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं जाता येतं, पैसे लागत नाहीत. प्लॅन विम्याचा नसून नुसता सेवा-करार असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

दुकानदाराचा हात लागण्याआधी काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा, बारीक काचा बोटात जातात. आणि मला पुढचा फोटो बिलाचा पाठवा, त्यातली खालची बारीक अक्षरं दिसतील असा. यावेळी वरचे आकडे झाकून.