थर की कार्बन? आधी खड्डा शोधा

प्रश्न: एसवायबीए इतिहासाला आहे. पुरातत्त्वज्ञ एखाद्या साइटचं वय कसं ठरवतात? थर बघून आणि कार्बन-१४ करून, या दोघांत जास्त भरवशाचं कुठलं?

उत्तर:

मी इतिहास शिकवते आणि हा प्रश्न माझ्या वर्गातही दरवर्षी येतो. गाइडात दोन वेगळ्या टिपा छापलेल्या असतात, एक सापेक्ष कालमापनाची आणि एक निरपेक्ष कालमापनाची, त्यामुळे पोरांना वाटतं की आधीच्या काळी लोक थर बघायचे आणि मग विज्ञान आलं आणि कार्बन आला. तसं नाही, दोन्ही एकमेकांवाचून अपुरी आहेत. लॅब तुम्हाला एवढंच सांगते की हे लाकूड किंवा हा दाणा जिवंत असायचा कधी थांबला. तो कोळसा कुठल्या घरातला, कुठल्या वस्तीच्या काळातला, हे लॅबला कळायचा काही मार्गच नाही, ते ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या चरात, उभं असलेल्या माणसाने माती बघून ठरवायचं असतं. तारखा चुकतात त्या बहुतेक वेळा इथे चुकतात, मशीनमध्ये नाही.

"खोल ते जुनं" हे तुम्ही शिकला असालच. ते थरांना लागू आहे, वस्तूंना नाही. इनामगावचं उदाहरण घ्या, शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खणलेली साइट. तिथे लहान मुलं दगावली की घराच्या जमिनीतच पुरायचे, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात ते मूल. आता हे रांजण ठेवायला जमीन उकरावी लागणार, म्हणजे ते जाऊन बसणार खालच्या, आधीच्या पिढ्यांच्या मातीत. टेप लावून खोली मोजली तर रांजण जुन्या थराच्या पातळीवर दिसतात. पण पुरणारी माणसं वरच्या जमिनीवर राहणारी आहेत. म्हणून नियम असा, खड्डा हा त्याने कापलेल्या सगळ्यात वरच्या थरानंतरचा, आणि त्याचं तोंड ज्या थराने न कापता झाकलंय त्याच्या आधीचा. त्याच्या आत जे काही आहे ते खड्ड्याबरोबर मोजायचं, शेजारच्या मातीबरोबर नाही. एवढं एक वाक्य समजलं तर स्तरविज्ञानाची अर्धी टीप झाली.

आता मी हे इतकं का लावून धरते ते सांगते. एमएला असताना मी प्रवरेच्या खोऱ्यात एका पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खननाला होते, खाली ताम्रपाषाण काळातली जोर्वे संस्कृतीची वस्ती, मध्ये बराच काळ काहीच नाही, आणि वर सातवाहन काळ. खालच्या पातळीवर काम चालू असताना आमच्याकडे खणायला असलेले गावातले एक मामा थांबले आणि म्हणाले, "बाई, हितं माती पोकळ लागतीया." खरंच, खुरपी आजूबाजूला कडक लागत होती आणि तेवढ्याच भागात भसकन आत जात होती, माती जरा राखाडी, ओलावा धरून ठेवणारी, आणि तिच्यात कोळशाचे चांगले टपोरे तुकडे. मी सेक्शनवर, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या भिंतीवर, पाणी मारून बघितलं. माती सुकली की सगळं एकाच रंगाचं दिसतं, पाणी मारल्यावर पहिली काही मिनिटं कडा उठून दिसतात, आणि सकाळची तिरकी उन्हं असली तर अजूनच. कड स्पष्ट होती, वरच्या सातवाहन थरापासून निघून खाली आलेली. मी वहीत खड्डा म्हणून वेगळा नंबर दिला.

आमचे ट्रेंच बघणारे सर आले आणि म्हणाले, खड्डा वगैरे काही नाही, यातली खापरं बघ, सगळी जोर्वेची आहेत. त्यांनी तो कोळसा जोर्वे थराचा नमुना म्हणून पिशवीवर फक्त खोली लिहून पाठवला. आता खापरं जोर्वेची असणारच की! जो माणूस जोर्वेच्या मातीत खड्डा खणतो तो बाहेर काढतो जोर्वेची खापरं, आणि खड्डा बुजतो तो पुन्हा त्याच मातीने. जुनी वस्तू नव्या खड्ड्यात कितीही सापडू शकते, नवी वस्तू मात्र जुन्या न उकरलेल्या, न भेगाळलेल्या थरात असू शकत नाही. म्हणून भरावाचं वय त्यातल्या सगळ्यात अलीकडच्या वस्तूवरून धरायचं, मग ती एकच का असेना आणि बाकी टोपलीभर खापरं जुनी का असेनात. त्या भरावात सातवाहन काळातल्या भांड्यांचे दोन-चार तुकडे होते, ते सरांनी "वरून पडले असतील" म्हणून बाजूला काढले.

तारीख आली ती आजपासून दोन हजार वर्षांच्या आसपासची. जोर्वेला हवी होती तीन हजारांच्या आसपासची. सरांनी काय केलं, तर "नमुना दूषित, तारीख ग्राह्य नाही" असं लिहून टाकलं. मी तेव्हा वाद घातला, आणि मला सांगण्यात आलं की विद्यार्थ्यांनी इतकं बोलू नये.

तर त्या वादातला माझा हिशोब इथे मांडते, तुम्हाला कार्बन-१४ समजायलाही उपयोगी आहे. जिवंत झाड हवेतला कार्बन घेत राहतं, त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो, मेल्यावर घेणं बंद आणि आहे तो ५७३० वर्षांत निम्मा होत जातो. तीन हजार वर्षांच्या कोळशात मूळच्या सुमारे ६९ टक्के उरतो, दोन हजार वर्षांच्या कोळशात सुमारे ७८ टक्के. म्हणजे ६९ चे ७८ करायला आजचा ताजा कार्बन मिसळावा लागेल. किती? करून बघा, एकूण कार्बनच्या जवळपास ३० टक्के. पिशवीतल्या कोळशाचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग आजच्या गवताची मुळं असायला हवीत! शिवाय लॅबमध्ये नमुना मोजायच्या आधी मुळं वेचून काढतात आणि मग आम्ल आणि अल्कलीने धुतात, ते मातीतली कार्बोनेटं आणि ह्युमिक आम्लं काढायलाच. थोडंसं प्रदूषण राहिलं तर अशा तारखा काही दशकांनी हलतात, हजार वर्षांनी नाही. (पन्नास-साठ हजार वर्षं जुन्या नमुन्यांची गोष्ट वेगळी, तिथे मूळचा कार्बन-१४ जवळजवळ उरलेलाच नसतो म्हणून एक टक्का ताजा कार्बनसुद्धा सगळं उलटंपालटं करतो.) तेव्हा तारीख बरोबर होती, खड्ड्याची होती, आणि ती जोर्वेच्या नावावर टाकली म्हणून "चुकली". अपेक्षेत न बसणारी तारीख फेकून द्यायच्या आधी परत सेक्शनपाशी जायचं असतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

उलट्या बाजूची गडबडही होते, तारीख हवी त्यापेक्षा जुनी येते. कारण झाडाच्या गाभ्यातल्या कड्या आधीच मेलेल्या असतात, सालीखालची बाहेरची कडी तेवढी ताजी. दोनशे वर्षं वाढलेल्या झाडाचा खांब घराला लावला, त्या खांबाच्या गाभ्याचा कोळसा तुम्ही मोजला, तर घर बांधलं त्याच्या दीड-दोनशे वर्षं आधीची तारीख येईल, आणि खांब जुन्या घरातून काढून परत वापरला असेल तर अजून आधीची. म्हणून जळालेलं धान्य चांगलं, जवाचा दाणा एका हंगामात येतो आणि जातो. पूर्वीच्या पद्धतीला कोळसा ग्रॅममध्ये लागायचा म्हणून दाणे मोजता येत नसत, आता कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या एएमएस पद्धतीत काही मिलिग्रॅमवर भागतं. पण आपल्याकडे काळी माती आहे हे विसरू नका, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि सुटा दाणा सरळ खालच्या थरात जाऊन बसतो. म्हणून थरात विखुरलेला एकटा दाणा घेऊ नये, चुलीत किंवा कणगीच्या तळाशी जळून एकत्र चिकटलेले दाणे घ्यावेत.

अजून एक, परीक्षेत मार्क जातात म्हणून सांगते. लॅबची "३००० ± ३० बीपी" अशी तारीख आली की पोरं त्यातून १९५० वजा करतात (बीपी १९५० पासून मागे मोजतात) आणि इ.स.पू. १०५० लिहून मोकळी होतात. तसं करायचं नाही. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या कड्या मोजून केलेल्या आलेखावर ती तारीख बसवावी लागते, कॅलिब्रेट करावी लागते. ३००० बीपी कॅलिब्रेट केलं की मुख्यतः इ.स.पू. तेरावं-बारावं शतक येतं, म्हणजे दीड-दोनशे वर्षांचा फरक. आणि त्या ± ३० चा अर्थ "याच्या बाहेर नाहीच" असा नसतो, खरी बीपी तारीख त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के, एवढाच. जुन्या पुस्तकात तारीख दिसली की ती कॅलिब्रेट केलेली आहे का ते आधी बघा, नाहीतर एका साइटची कॅलिब्रेट केलेली आणि दुसरीची न केलेली अशी तुलना करून लोक "ही संस्कृती आधीची" वगैरे ठोकून देतात.

आता मी कार्बनची इतकी बाजू घेतली म्हणून हेही सांगायला हवं की एका काळात कार्बन जवळजवळ निरुपयोगी आहे. इ.स.पू. साधारण ८०० ते ४०० या भागात तो आलेख सपाट पडलाय. २४५० ± ३० बीपी अशी तारीख आली तर उत्तर येतं इ.स.पू. सुमारे ७५० ते ४१० मध्ये कुठेही. नमुना कितीही शुद्ध असू द्या, मशीन कितीही महाग असू द्या. इनामगावची उत्तर जोर्वे, म्हणजे जोर्वेच्या नंतरच्या टप्प्यातली, वस्ती इ.स.पू. ७०० च्या सुमारास संपली असं पुस्तकात असतं, त्या "सुमारास"मध्ये किती जागा आहे ते यावरून कळेल, आणि विदर्भातल्या महापाषाणीय साइटींचाही बराच काळ याच पट्ट्यात येतो.

तिथे थरच मदतीला येतात. एकावर एक चार जमिनी असतील, प्रत्येकीवरच्या चुलीतल्या दाण्यांची तारीख असेल, तर खालची जमीन वरचीच्या आधीची ही अट घालून चारही तारखा एकत्र सोडवता येतात, ऑक्सकॅलसारखं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी आहे. खालच्या जमिनीचा पल्ला अलीकडच्या बाजूने कापला जातो, वरचीचा जुन्या बाजूने, आणि सपाट पट्ट्यातही साडेतीनशे वर्षांचं उत्तर बरंच आटोक्यात येऊ शकतं. फक्त त्यासाठी प्रत्येक नमुना कुठल्या जमिनीचा, कुठल्या खड्ड्याचा हे वहीत लिहिलेलं लागतं. पिशवीवर नुसती खोली असेल तर ती तारीख या हिशोबात घेताच येत नाही. तुमच्या प्रोजेक्टला एखादा उत्खननाचा अहवाल घेतलात तर आधी तारखांचा तक्ता उघडा, त्यात थराचा किंवा खड्ड्याचा नंबर आहे का बघा, मग सेक्शनच्या चित्रात तो नंबर शोधा, आणि सापडला नाही तर ती तारीख वापरू नका, अहवाल कितीही मोठ्या माणसाचा असला तरी.